तापमान २० डिग्री वाढवून पहिला थर चिकटत नाही, आणि ताराही जात नाहीत

फिरत असलेला सल्ला असा: "थ्रीडी प्रिंटरचा पहिला थर चिकटत नाही? नोझल २० डिग्रीने वाढवा, प्लॅस्टिक पातळ झालं की आपोआप चिकटतं. ऑटो लेव्हलिंग असेल तर बेडकडे बघायचीही गरज नाही. प्रिंटवर तारा येतात? रिट्रॅक्शन १० मिलिमीटर करा. फिलामेंट वाळवायची भानगड नायलॉनसाठी, पीएलएला पाणी लागत नाही."

पीएलए हे नेहमीच्या वापरातलं प्लॅस्टिक २०५ अंशांवर नीट चालत असताना २२५ केलं, तर ते खरंच पातळ होतं. पण नोझल एका भागावरून दुसऱ्या भागावर जाताना हेच पातळ प्लॅस्टिक टोकातून गळतं आणि मधे कोळिष्टकासारखी तार सोडतं. म्हणजे एका दुखण्यावर दिलेला उपाय दुसरं दुखणं वाढवतो. यातला खरा अंश एवढाच की पहिला थर ५ ते १० अंश जास्त ठेवला तर मदत होते. त्यासाठी स्लायसरमध्ये, म्हणजे प्रिंटची फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिल्या थराचं तापमान वेगळं देता येतं. तिथे २१० द्या, पुढे २०० किंवा २०५. पहिल्या थराला पंखा बंद आणि वेग साधारण २० मिलिमीटर प्रति सेकंद ठेवा.

थर न चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा नोझल आणि बेड यांच्यातलं अंतर असतं, आणि ते डोळ्यांनी ओळखता येतं. नोझल फार वर असेल तर रेघा गोल राहतात, दोन रेघांमध्ये फट दिसते आणि नखाने एकेक रेघ सुटी निघते. फार खाली असेल तर थर जवळजवळ पारदर्शक होतो, रेघांच्या कडेला वरंबे उठतात आणि फिलामेंट ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरचं चाक टकटक आवाज करत मागे घसरतं. बरोबर अंतरावर रेघा किंचित चपट्या होऊन एकमेकींना मिळतात आणि गार झालेला थर एकसंध पापुद्र्यासारखा निघतो.

एंडर ३ सारख्या मशीनचं उदाहरण घेऊ. चार कोपऱ्यांना आणि मधे असे ३० मिलिमीटरचे पाच चौकोन, फक्त एक थर, जाडी ०.२ मिलिमीटर, असं छापा. गार झाल्यावर काढून डिजिटल कॅलिपरने मोजा. समजा चार चौकोन ०.२० च्या आसपास आहेत आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यातला ०.२८ भरला, रेघाही सुट्या दिसतात. त्या कोपऱ्यात बेड अंदाजे ०.०८ खाली आहे. बेडखालचे स्क्रू एम४ असतात, त्यांचा आटा ०.७ मिलिमीटरचा. एक पूर्ण फेरा म्हणजे ०.७, एक अष्टमांश फेरा म्हणजे जवळपास ०.०९. तेव्हा तो कोपरा वर येईल अशा बाजूने फक्त अष्टमांश फेरा फिरवायचा. अंदाजाने पाव फेरा दिला तर ०.१७५ सरकतं, म्हणजे कोपरा जवळपास ०.१ जास्त वर येतो आणि जवळजवळ अर्धा थर खाल्ला जातो. एक कोपरा हलवला की समोरचाही थोडा हलतो, म्हणून पुन्हा एकदा पाचही चौकोन छापून बघा.

हे सगळं बेड ६० अंशांवर पाचदहा मिनिटं राहिल्यावर करायचं. तापल्यावर पत्रा प्रसरण पावतो आणि गार बेडवर लावलेलं माप चुकतं. नोझलच्या टोकाला वाळलेला थेंब चिकटलेला असेल तरी अंतर बघायला नोझलखाली सरकवलेला कागद अडकल्यासारखा वाटतो, तो आधी पुसून घ्या.

ऑटो लेव्हलिंगमुळे हे काम कमी होतं, संपत नाही. प्रोब बेडचे चढउतार मोजतो, पण नोझलचं टोक त्याच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते त्याला माहीत नसतं. ते अंतर म्हणजे झेड ऑफसेट, आणि नोझल बदललं की ते पुन्हा ठरवावं लागतं. दुसरी नेहमीची चूक सुरुवातीच्या आज्ञांमध्ये असते. मार्लिन फर्मवेअरमध्ये `G28` झाल्यावर लेव्हलिंग सहसा बंद होतं. त्यानंतर `G29` नसेल तर प्रोबने मोजलेलं काहीच वापरलं जात नाही.

```
M190 S60
M109 S150
G28
G29
M109 S210
```

१५० अंशांवर नोझल गळत नाही, म्हणून मोजणी त्या तापमानाला होते. आधीची मोजणी साठवलेली असेल तर `G29` च्या जागी `M420 S1` लिहा.

अंतर बरोबर असूनही थर एकाच जागी सुटत असेल तर तिथे बोटांचा तेलकटपणा असतो. प्लेट भांडी घासायच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवा, मग कडेला धरूनच बसवा.

पीएलएला पाणी लागत नाही हे या सल्ल्यातलं सर्वांत नुकसान करणारं वाक्य. नायलॉनच्या मानाने ते कमी ओलावा धरतं, पण धरतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये उघड्यावर राहिलेलं रीळ काही आठवड्यांतच रंग दाखवतं. नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि ती प्लॅस्टिक बाहेर ढकलते. रिट्रॅक्शनने फिलामेंट मागे ओढलं तरी वाफेचा दाब कायम असतो, म्हणून गळती थांबत नाही. तपासायला नोझल वर उचलून हवेतच ५० मिलिमीटर फिलामेंट हळू सोडा. कोरडं असेल तर गुळगुळीत, चकचकीत दोरा पडतो. ओलं असेल तर चुरचुर ऐकू येते, दोऱ्यात बुडबुडे आणि खडबडीतपणा दिसतो. थोडाच ओलावा असेल तर आवाज येत नाही. तेव्हा तीच फाइल, त्याच सेटिंगवर, नव्या सीलबंद रिळाने छापून तारांची तुलना करा.

पीएलए ४५ ते ५० अंशांवर ४ ते ६ तास वाळवा, पीईटीजी ६५ अंशांवर साधारण ६ तास. ड्रायर नसेल तर रीळ प्रिंटरच्या बेडवर आडवं ठेवा, वरून पुठ्ठ्याचं खोकं झाका, बेड ५० वर ठेवा आणि अर्ध्या वेळाने रीळ उलटा. खोक्याला वर एक छोटं भोक हवं, नाहीतर वाफ आतच राहते. घरातला ओव्हन नको. त्याचं तापमान वरखाली होतं आणि पीएलए ६० च्या आसपास मऊ पडून वेटोळी एकमेकांना चिकटतात. वाळलं की नाही हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं: तासातासाने रीळ तोला आणि वजन उतरायचं थांबलं की बस. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल कोरडेपणा टिकवतं, ओलं झालेलं रीळ तासाभरात वाळवत नाही.

तापमान ठरवायचं ते वाळवल्यावर. टेम्परेचर टॉवर, म्हणजे दर मजल्याला वेगळं तापमान असलेला छोटा मनोरा, २२० पासून १९० पर्यंत ५ अंशांच्या पायऱ्यांनी छापा आणि ज्या मजल्यावर तारा कमी आहेत पण थर हाताने वाकवून सुटत नाहीत, तो घ्या. ओल्या फिलामेंटवर हाच टॉवर चुकीचा आकडा देतो, कारण तिथे तारा वाफेमुळे येत असतात.

रिट्रॅक्शन सर्वांत शेवटी. फिलामेंट लांब नळीतून नोझलपर्यंत ढकलणाऱ्या बोडन मशीनला ४ ते ६ मिलिमीटर, एक्स्ट्रूडर नोझलच्या वरच असलेल्या डायरेक्ट ड्राइव्हला ०.५ ते १.५ पुरतात. १० केलं तर वितळलेलं टोक हॉटएंडच्या गार भागात ओढलं जातं, तिथे फुगून घट्ट होतं आणि नोझल तुंबतं. शिवाय फिलामेंटचा तोच तुकडा दातेरी चाकाखालून पुन्हा पुन्हा जातो आणि घासून त्याचा भुगा होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पायरीने वाढवा आणि फरक पडायचा थांबला की तिथेच राहा. पीईटीजीवर एवढं करूनही केसासारख्या एकदोन तारा राहतात, त्या हॉट एअर गन एक क्षण फिरवली की आकसून जातात.