‘मी अँड माय फ्रेंड’ची परीक्षा

“ताई, सातवीतल्या एका मुलीनं निबंधात ‘मी अँड माय फ्रेंड वेंट टू द मार्केट’ लिहिलं. मी लाल रेघ मारली, तर म्हणते, सिनेमात इंग्रज लोक असंच बोलतात. बरोबर काय, आणि मुलांनी स्वतःचं स्वतः कसं तपासायचं?”

हा प्रश्न माझ्या मावसबहिणीचा. ती बार्शी तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. इंग्रजी ‘मी’ आणि आपला मी देवनागरीत एकसारखेच दिसतात, म्हणून पुढे अवतरणात येईल तो ‘मी’ इंग्रजी धरावा.

रेघ योग्य होती आणि मुलगीही खोटं बोलत नव्हती. लेखी प्रमाण इंग्रजीत तिथे ‘माय फ्रेंड अँड आय’ हवं. बोलण्यातलं इंग्रजी मात्र वेगळं चालतं. मी राहते त्या इंग्लंडमधल्या लीड्समध्ये कर्कगेट मार्केट नावाचा जुना बाजार आहे. मायकल मार्क्सनं 1884 साली तिथेच एका पेनीला वस्तू विकायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे मार्क्स अँड स्पेन्सर उभं राहिलं. या बाजारात ‘मी अँड मी मेट’, म्हणजे मी आणि माझा दोस्त, हे शब्द सहज कानावर पडतात. यॉर्कशरच्या बोलीत ‘माय’ऐवजीही ‘मी’ म्हणतात, म्हणून एकाच वाक्यात दोन ‘मी’. आमच्या शेजारचे आजोबा निवृत्त ग्रंथपाल आहेत. कुंपणापाशी गप्पा मारताना ते असंच बोलतात आणि नगरपालिकेला पत्र लिहिताना ‘माय वाइफ अँड आय’ लिहितात. दोन्ही त्यांचंच इंग्रजी आहे.

शाळेत शिकवतात ती कसोटी सोपी आहे. जोडीतल्या दुसऱ्या माणसाला क्षणभर बाजूला करायचं आणि वाक्य वाचायचं. ‘मी वेंट’ कानाला लगेच खटकतं, ‘आय वेंट’ खटकत नाही, म्हणून जोडीतही ‘आय’. आता भाजीवाल्यानं दोघींना पिशवी दिली असं वाक्य घेऊ. ‘ही गेव्ह आय अ बॅग’ कुणी म्हणणार नाही, ‘ही गेव्ह मी अ बॅग’ म्हणतील, म्हणून तिथे ‘माय फ्रेंड अँड मी’. सातवीतल्या मुलीला एवढं जमायला हरकत नाही.

अडचण आहे ती आपल्याकडे या नियमाचं जे झालंय त्यात. आमचे आप्पा तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. त्यांचं ठाम मत की जोडीत ‘मी’ म्हणणं असभ्य, ‘अँड आय’च म्हणायचं. अर्धं खरं आहे, कर्त्याच्या जागी ते लागू पडतं. पण ‘मी’वर इतका मार बसतो की मुलं ‘मी’ला घाबरतात आणि हवा तिथेही टाळतात. इथल्या आमच्या मराठी मंडळींत चांगले शिकलेले लोक ‘प्लीज सेंड द पासेस टू माय वाइफ अँड आय’ लिहितात. दुसऱ्याला काढा, उरतं ‘सेंड टू आय’. इंग्रजी मातृभाषा असलेलेही असं बोलतात, आणि आजचे नाहीत, शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या अँटोनिओच्या पत्रात ‘बिट्वीन यू अँड आय’ आहे. पण आपल्या मुलांच्या बाबतीत हे भीतीतून येतं, आणि भीती शिकवणं मला मान्य नाही.

मी हे सगळं मंडळात बोलले तर एका काकांना वाटलं की प्रश्न आधी कुणाचं नाव घ्यायचं याचा आहे. त्यांना एका मुलाखतीत ‘आय अँड माय ब्रदर’ म्हटल्याबद्दल टोकलं होतं, तो राग अजून गेलेला नाही. त्यांचा मुद्दा वेगळा, पण बहिणीच्या वर्गाला उपयोगी आहे. ‘आय अँड माय फ्रेंड’ हे आपल्या ‘मी आणि माझी मैत्रीण’वरून येतं. व्याकरण त्यात मोडत नाही. स्वतःला शेवटी ठेवायचा इंग्रजीचा रिवाज आहे, इतकंच. त्यासाठी गुण कापू नयेत.

आता कसोटीकडे परत. ती सगळीकडे चालत नाही. ‘माय फ्रेंड अँड आय मेट आउटसाइड द मार्केट’ यातून मैत्रिणीला काढलं तर ‘आय मेट आउटसाइड द मार्केट’ उरतं, आणि एकटी माणूस भेटणार कुणाला? ‘बिट्वीन’चंही तसंच, त्याला दोघं लागतातच. मुलगी इथे अडखळेल आणि कसोटीच खोटी समजेल. म्हणून काढण्यापेक्षा बदलणं बरं. अख्खी जोडी उचलून जागेवर ‘वी’ किंवा ‘अस’ ठेवायचं. ‘वी वेंट’, ‘वी मेट’ जमतं, म्हणून ‘आय’. ‘बिट्वीन अस’, ‘गेव्ह अस’ जमतं, म्हणून ‘मी’. ‘अस वेंट’ शाळेत इंग्रजी शिकलेल्या कुणाच्या जिभेवर येत नाही, हाच तिचा फायदा.

माझ्या लेकीच्या शिक्षिकेनं मात्र माझी खात्री थोडी हलवली. त्या म्हणाल्या, ‘माय फ्रेंड अँड आय आर टायर्ड’ घ्या, मैत्रिणीला काढा. ‘आय आर’ उरलं की! क्रियापद बदलावं लागलं, कारण जोडी अनेकवचनी आहे आणि तिच्यातली दोघं एकेकटी एकवचनी. मग जोडीचं वचन तिच्यातल्या माणसांपेक्षा वेगळं असू शकतं, तर विभक्ती का नसावी? हा युक्तिवाद भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी 1994 साली मांडला होता. बिल क्लिंटन निवडणूक प्रचारात ‘गिव्ह अल गोर अँड आय अ चान्स’ म्हणाले, त्यांच्या बाजूनं. त्याला सरळ उत्तर माझ्याकडे नाही. कसोटी प्रमाण लेखनात काय चालतं ते सांगते. ‘मी अँड माय फ्रेंड’ म्हणणाऱ्याला व्याकरण येत नाही, असं ती सिद्ध करत नाही. त्याच्या डोक्यातही नियम आहेच, नाहीतर तो एकटा असताना ‘मी वेंट’ म्हणाला असता.

त्या बाईंचं पुढचं म्हणणं, मुलांचं बोलणं दुरुस्तच करू नये. इथे मी अडते. माझ्या शेजाऱ्यांना ‘मी अँड मी मेट’ म्हणायची मुभा आहे, कारण त्यांच्या इंग्रजीवर कुणी शंका घेत नाही. लातूरहून पुण्याला नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलीला ती मुभा कुणी देत नाही. तिच्या एका ‘मी’वरून तिची शाळा, तिचं गाव ठरवलं जातं. ते अन्यायाचं आहे, पण तोवर तिच्या हातात लेखी रूप पक्कं असायलाच हवं.

आणि ही कसोटी मराठीच्या तासालाही वापरता येते. ‘मी आणि माझा मित्राने आंबे आणले’ असं मुलं सर्रास लिहितात. मी काढा, ‘माझा मित्राने आंबे आणले’ उरतं, आणि चूक उघडी पडते. ‘माझ्या मित्राने’ हवं. मराठीतल्या ‘मी’ला मात्र ‘ने’ लागत नाही, म्हणून ‘मी आणि माझ्या मित्राने’. जोडीतल्या दोघांची रूपं वेगळी असू शकतात, हे मुलांना आपल्या भाषेत आधी दिसलं तर इंग्रजीतलं परकं वाटणार नाही.

त्या निबंधाचं म्हणशील तर मुलीला तेच वाक्य दोनदा लिहायला सांग. एकदा सिनेमातल्या पात्राच्या तोंडी, अवतरणात, ‘मी’ ठेवून. एकदा स्वतःच्या निवेदनात, ‘आय’ घालून. दोन्हींना पूर्ण गुण दे.