चार टायरांची बेरीज आणि मागचा आस

“टायरवर लिहिलेल्या आकड्याची चौपट केली की ती गाडीच्या वजनापेक्षा जास्तच भरते, आणि आपण साताऱ्याच्या रस्त्यांवर शंभरच्या वर जात नाही, मग त्या अक्षराला कशाला भ्यायचे? स्वस्त बसेल तो टायर घाला. गाडी फारच भरत असाल तर वरच्या आकड्याचा घ्या, हवा नेहमीचीच ठेवा.”

या दाव्यातल्या बेरजेपासून सुरुवात करतो, कारण चुकीचे मूळ तिच्यात आहे. सात आसनी गाडीला कंपनीने १८५/६५ आर१५ ८८एच टायर दिला आहे असे धरू. शेवटचा ८८ हा भाराचा आकडा आणि एच हे वेगाचे अक्षर. ८८ म्हणजे ८८ किलो नव्हे. ठरलेल्या तक्त्यानुसार तो एका टायरला ५६० किलो भार दाखवतो, तर ८४ हा ५०० किलो. दुकानात १८५/६० आर१५ ८४टी समोर येतो. रुंदी तीच, रिमही तीच आणि किंमत कमी. चौपट २००० किलो होते आणि रिकामी गाडी सुमारे ११८० किलोची असते, म्हणून माणूस निश्चिंत होतो.

आता साधारण ६० किलोची सात माणसे आणि ८० किलो सामान भरा. एकूण वजन १६८० किलो झाले, म्हणजे बेरीज अजूनही सुरक्षितच दिसते. पण वजन चारही चाकांवर सारखे पडत नाही. रिकाम्या गाडीच्या मागच्या आसावर ५२० किलो होते असे धरले, तर तिसऱ्या रांगेतल्या दोघांचा भार जवळजवळ पूर्ण, मधल्या तिघांचा बराचसा आणि डिकीतल्या सामानाचा त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही थोडा जास्त भार मागच्याच आसावर येतो, कारण ते आसाच्याही मागे ठेवलेले असते. हिशेब ९३० किलोंच्या आसपास जातो, म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर ४६५ किलो.

५०० मधून ४६५ वजा केले तरी ३५ उरतात, असे कोणी म्हणेल. पण ते ५०० किलो ३६ पीएसआय हवेवर आहेत. हवा तीसच ठेवली तर तोच टायर सुमारे ४४० किलोच पेलतो, म्हणजे चौपटीत तीनशेहून अधिक किलो शिल्लक असलेली गाडी मागच्या दोन टायरांवर प्रत्यक्षात क्षमतेच्या बाहेर असते. मूळच्या ८८ला त्याच हवेवर ४९० किलोंच्या आसपास क्षमता उरते, आणि म्हणूनच ८४ आणि ८८ मधला चारचा फरक किरकोळ नाही.

सांगलीच्या एका नातेवाइकांची अशीच भरलेली गाडी महाबळेश्वरहून परतल्यावर मी तिचा मागचा डावा टायर उतरवताना पाहिला. रिमवरून काढताच आतून काळ्या रबराचा बारीक चुरा पडला आणि बाजूच्या भिंतीवर आतून गोल रेघ उमटलेली दिसली. कमी हवेवर जास्त भार घेऊन भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकली आणि तापली, याची ती खूण होती. बाहेरून टायर ठणठणीत वाटत होता. मात्र दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा अधिक झिजल्या होत्या, आणि ही खूण टायर न उतरवताही दिसते.

वरच्या आकड्याचा सल्ला अर्धवट आहे. त्याच मापातला ९२चा, जादा भाराचा टायर ६३० किलो दाखवतो, पण ते वजन सुमारे ४२ पीएसआय हवेवर. बत्तीस हवेवर तो साध्या ८८इतकेच, ५१० किलोंच्या आसपास पेलतो, कारण भार हवा उचलते आणि रबर तिला धरून ठेवते. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी वेगळी हवा दिलेली असते. टायर थंड असताना तितकी भरावी.

अक्षराबाबत मात्र दाव्यातला अर्धा भाग मी मान्य करतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर आणि एच म्हणजे २१०, तेव्हा निव्वळ टी घेतल्याने शंभरच्या वेगात टायर फुटेल असे म्हणणे चूक आहे. पण हे अक्षर वेगाची परवानगी नसून ठरलेल्या भाराखाली त्या वेगात येणारी उष्णता टायर सहन करतो, याची चाचणी आहे. भार आणि कमी हवा यांनी उष्णता आधीच वाढवली असेल, तर कंपनीने दिलेल्या अक्षराखाली उतरून ती सवलत स्वतःहून का सोडावी? एकाच आसावर वेगवेगळी अक्षरे तर कधीही घालू नयेत.

माझा हिशेब अंदाजाचा आहे. तुमच्या गाडीचा खरा आकडा काढणे सोपे आहे. आपल्याकडे ऊस आणि भाजीपाल्यामुळे वजनकाटे जागोजागी आहेत. सगळी माणसे आणि सामान बसवून फक्त मागची चाके काट्यावर घ्या, आलेले वजन दोनाने भागा आणि ते टायरच्या तक्त्यातल्या आकड्याशी, तुम्ही भरता त्या हवेला धरून, ताडून पाहा.