दोन तारे: भाजणीच्या सर्वेक्षणाबद्दल

★★☆☆☆ "आमची थालीपीठ भाजणी डोंबिवलीत खपेल का, एवढंच विचारलं होतं. तीन आठवडे लावले, आलेल्या 163 उत्तरांतली 67 स्वतःच काढून टाकली आणि 96 जणांवर अहवाल टेकवला. गुगल फॉर्म फुकट असतो!"

नमस्कार मॅडम,

तुम्हाला मनस्ताप झाला, क्षमस्व. पण "स्वतःच काढून टाकली" हे वाचून वाईट वाटलं. नवे ग्राहक हेच वाचून फोन करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

वगळलेली 67 उत्तरं एकाच रविवारी रात्री 9 ते 10 मध्ये आली. पिनकोड 421201 किंवा 421202 हवा होता. या सगळ्यांत 400028, म्हणजे दादर. तुम्ही लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. ती फॉरवर्ड करू नये, असं कोटेशनमध्ये होतं. त्या 67 पैकी 61 जणांनी 180 रुपयांना अर्धा किलो "नक्की घेऊ" म्हटलं. शेजारीण विचारतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? डोंबिवलीच्या 96 जणांत असे 29 निघाले.

सगळे एकत्र धरले तर 55 टक्के, नुसती डोंबिवली धरली तर 30. पंचावन्नच्या भरवशावर माल दळला असता तर निम्मा दुकानात पडून खवट झाला असता. शिवाय 96 उत्तरांवर साधारण 10 टक्के इकडेतिकडे धरावे लागतात, म्हणजे 20 ते 40. हा फरक 5 वर आणायला चौपट माणसं लागतात, आणि तेवढं बजेट तुम्हीच नको म्हणालात. त्यातही "घेऊ" म्हणणारे सगळे घेत नाहीत. म्हणून मी अहवालात गेल्या तीन महिन्यांत तयार पाकीट खरंच विकत घेतलेल्यांचा आकडा वर ठेवला: 96 पैकी 17. तोच तुम्हाला आवडला नसावा.

राहिला वेळ. "भाजणी विकत घेता का?" हा तुमचा प्रश्न आधी आठ जणांना विचारून पाहिला, तर घरी धान्य भाजून गिरणीतून दळून आणणारेही "हो" म्हणत होते. गिरणीचं दळण आणि तयार पाकीट असे दोन प्रश्न करावे लागले. दुकानांत पाकिटं 200, 400, 500 ग्रॅमची, म्हणून सगळे भाव किलोवर आणले, नाहीतर तुमचे 180 महाग की स्वस्त हेच कळलं नसतं. फॉर्म फुकट असतो हे खरं, पण स्टेशनबाहेर संध्याकाळी उभं राहून तो भरून घ्यावा लागतो.

यापुढे प्रत्येक ठिकाणाची लिंक वेगळी देऊ, बाकीही काही सुधारणा करतोय. वगळलेली उत्तरं पुसलेली नाहीत; तुम्हाला पाठवलेल्या एक्सेलमध्ये "वगळलेली" नावाच्या शीटवर कारणासकट आहेत. वेळेचा आणि पिनकोडचा रकाना एकदा बघा, मग तारे किती द्यायचे ते ठरवा.