डोळ्याच्या पडद्यावरचं जुनं बीपी आणि ताजं बीपी : एका प्रतिक्रियेला उत्तर

*"डॉक्टर, पडदा बघून बीपी किती जुनं ते कळतं असं तुम्ही मागच्या लेखात लिहिलंत. माझ्या वडिलांना (वय ६८) एका डॉक्टरांनी 'ग्रेड १' लिहून दिलं, महिन्याभरात दुसऱ्यांनी 'नॉर्मल'. मग ही तपासणी म्हणायची की कुडमुड्या जोशाचं भविष्य? दंडाला पट्टा बांधला की बीपी कळतं. थेंब घालून माणसाला अर्धा दिवस आंधळं कशाला करायचं?"*

नमस्कार. तुमचा निम्मा राग मला मान्य आहे. 'किती जुनं' हे शब्द मी सैल वापरले. पडदा बघून कुणी 'सात वर्षांचं बीपी' असं सांगत असेल, तर तो खरंच जोशी. पडद्यावरून कळतं ते वेगळंच, आणि 'ग्रेड १' हा त्यातला सगळ्यात लेचापेचा भाग.

बीपीमुळे पडद्यावर होणाऱ्या बदलांची ही ग्रेडची पद्धत कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी १९३९ साली मांडली. त्यातली पहिली पायरी म्हणजे धमन्या थोड्या बारीक दिसणं. पडद्यावर धमनी आणि तिच्या शेजारची शीर यांच्या जाडीचं प्रमाण साधारण दोनास तीन असतं. ते दोनास तीन आहे की जरा कमी, हे बहुतेक वेळा आम्ही नजरेनंच ठरवतो. अडुसष्टाव्या वर्षी धमन्या बीपीशिवायही थोड्या आकसतात. त्यात मोतीबिंदू सुरू झालेला असला की चित्र धूसर. तोच फोटो मला आठवड्यानं परत दाखवलात तर मीही वेगळं लिहीन. त्यामुळे दोघांपैकी कुणी तुम्हाला फसवलंय असं मला वाटत नाही. नुसत्या 'ग्रेड १'वरून मी कुणाच्या गोळ्या बदलायला सांगत नाही.

पण पडद्यावर एक जागा अशी आहे, जिथं मी वाद घालीन. ती म्हणजे धमनी शिरेवरून जाते ते क्रॉसिंग.

निरोगी धमनीची भिंत पारदर्शक असते. आपल्याला भिंत दिसतच नाही, आतली रक्ताची लाल रेघ दिसते आणि तिच्या मधोमध उजेडाची एक बारीक चमक. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की भिंत जाड होत जाते, चमक रुंदावते, रंग तांब्याच्या तारेसारखा दिसायला लागतो. हा रंगही थोडा नजरेचाच खेळ आहे, म्हणून त्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. क्रॉसिंगला मात्र धमनी आणि शीर एकाच वेष्टनात बांधलेल्या असतात, हलायला जागा नसते. वरची धमनी जाड आणि कडक झाली की खालची शीर दोन्ही बाजूंनी निमुळती होत जाऊन धमनीखाली दिसेनाशी होते. शेतात पाण्याच्या मऊ पाइपवर जाड लोखंडी पाइप आडवा टाकल्यावर दिसेल तसं. काही ठिकाणी शीर सरळ न जाता काटकोनात वळून धमनी ओलांडते. एका दुपारच्या धावपळीनं किंवा दवाखान्याच्या धास्तीनं भिंत अशी जाड होत नाही. त्याला काही वर्षं लागतात.

आता एक माणूस सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. पन्हाळ्याच्या बाजूचे, वय ४९, गुऱ्हाळ चालवणारे. जवळचं दिसत नाही म्हणून चष्म्याला आले होते. लांबचं दोन्ही डोळ्यांनी ६/६, जवळचा नंबर दीड. थेंब घालून पडदा बघितला. उजव्या डोळ्यात, वरच्या बाजूच्या मोठ्या क्रॉसिंगला शीर स्पष्ट चिमटलेली आणि तिनं काटकोनी वळण घेतलेलं. डाव्यात अशाच दोन जागा. शिवाय उजव्यात डोळ्याचा मज्जातंतू पडद्याला मिळतो त्या चकतीजवळ ज्योतीच्या आकाराचा एक बारीक रक्तस्राव, आणि त्याच्या शेजारी कापसाच्या बोळ्यासारखा कडा विरलेला पांढरा ठिपका.

बीपी घेतलं, १८६/११२. दहा मिनिटं शांत बसवून परत घेतलं, १८२/११०. तर म्हणतात, "डॉक्टर, जिना चढून आलोय न्हवं. मला बीपी-बिपी काय न्हाई. कधी डोस्कं बी दुखलं न्हाई."

नुसता पट्टा असता तर मलाही वाटलं असतं, असेल जिन्याचं. पण पडद्यावर दोन वेगवेगळ्या काळांच्या खुणा होत्या. चिमटलेलं क्रॉसिंग जुनं. कापसाचा ठिपका ताजा, कारण तिथली बारीक रक्तवाहिनी बंद पडून मज्जातंतूंच्या थराला रक्त मिळेनासं झालं की तो उमटतो आणि काही आठवड्यांत विरून जातो. रक्तस्रावाचंही तसंच. म्हणजे दाब बऱ्याच वर्षांपासून होता आणि अलीकडे आणखी चढला होता. असे ठिपके मधुमेहातही दिसतात, म्हणून साखर तपासली. ती नॉर्मल निघाली. चकतीला सूज नव्हती, हे महत्त्वाचं. एवढ्या बीपीबरोबर दोन्ही चकत्या सुजलेल्या असत्या तर मी त्यांना घरी न पाठवता थेट दवाखान्यात भरती करायला लावलं असतं.

त्याच दिवशी चिठ्ठी देऊन फिजिशियनकडे पाठवलं. इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड निघाली आणि लघवीतून प्रथिनं जात होती. डोळ्यातल्या जुन्या खुणेला हृदयाकडून आणि मूत्रपिंडाकडून दुजोरा मिळाला. औषधानं दाब हळूहळू उतरवला. हळूहळूच, कारण इतकं जुनं बीपी एका तासात खाली ओढलं तर मेंदूचा आणि डोळ्याच्या मज्जातंतूचाच रक्तपुरवठा तुटू शकतो. दोन महिन्यांनी परत आले तेव्हा बीपी १३४/८४. ठिपका गेलेला, रक्तस्राव गेलेला. क्रॉसिंग मात्र होतं तसंच. (चष्मा अजून नेलेला नाही, तयार होऊन दुकानातच पडलाय.)

याची उलटी बाजूही सांगायला हवी. पडदा स्वच्छ दिसला म्हणून बीपी नाही असं होत नाही. दहा वर्षं बीपी असूनही सुरेख पडदे असलेले लोक मी रोज बघतो. त्यामुळे पट्ट्याला पर्याय म्हणून डोळा तपासायचा नसतो. पट्टा आजचा आकडा सांगतो, तो आकडा मागे किती टिकला होता हे सांगत नाही. एखाद्याचं बीपी बेताचं आणि आटोक्यात असेल, मधुमेह नसेल, नजरेची तक्रार नसेल, तर निव्वळ बीपीसाठी थेंब घालायचा आग्रह मीही धरत नाही. आकडा १८०च्या आसपास असेल किंवा अचानक धूसर दिसायला लागलं असेल, तर मात्र धरतो. थेंबांनी चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि उन्हात डोळे दिपतात, हे खरं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुणाला तरी सोबत आणायचं, हे आधीच सांगायला हवं. तुमच्या वडिलांना कुणी सांगितलं नसेल तर ती आमच्या लोकांची चूक.

वडिलांचा कागद परत एकदा काढून बघा. नुसतं 'ग्रेड १' असेल तर फार विचार करू नका. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसून, दोन-दोन वेळा बीपी घ्या आणि ते आकडे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. पण त्यावर 'ए-व्ही क्रॉसिंग' किंवा 'निपिंग', म्हणजे शीर चिमटलेली, असा शब्द असेल, तर पडद्याचा फोटो काढून घ्या. पडद्याच्या शिरेच्या फांदीत गुठळी होते ती बहुतेक अशा क्रॉसिंगलाच, आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एका डोळ्यासमोर अर्धवट सावली पडल्यासारखं वाटतं. तसं झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी निघा. फोटो मिळाला तर मला ईमेलवर पाठवा, मी आधीचे दोन्ही शेरे न वाचता तो बघीन आणि काय दिसतं ते इथंच लिहीन. तुमच्या वडिलांची हरकत नसेल तरच.