टीडीएस कापला म्हणजे उत्पन्न दाखवायचं नाही?

"🙏 पगारदारांसाठी खुशखबर! नवीन कायद्यानुसार पगाराशिवायचं अडीच लाखांपर्यंतचं साइड इन्कम पूर्ण टॅक्स फ्री. जिथे टीडीएस कापला आहे ते उत्पन्न परत दाखवायची गरज नाही. यूपीआयने आलेले छोटे पैसे इन्कम धरत नाहीत. बँकेचं व्याज 10 हजारांपर्यंत माफ. शिकवणी घेणाऱ्यांनी 44 एडीए लावून अर्धीच रक्कम दाखवावी. सीए लोक हे सांगत नाहीत. सगळ्या ग्रुपवर पाठवा." आणि खाली भाच्याची ओळ: "मामाजी, हे खरं हाय काय? मी तर असंच भरून टाकून राहिलो. 9,600 रिफंड पण दाखवून राहिला."

मी सीए नाही. एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये लोकांच्या पगारातून टीडीएस काढण्यात माझी वीस वर्षं गेली आणि नातेवाइकांची रिटर्न्स पाहायला दरवर्षी माझ्याच घरी येतात. असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण हा माझ्याच भाच्याने वाचला, खरा मानला आणि वर रिफंड बघून खूशही झाला. रविवारी नागपुरात मानेवाड्याला त्याच्या घरी गेलो, पोहे बाजूला ठेवायला लावले आणि बँकेची स्टेटमेंट्स समोर मागवली.

आधी त्याचा 2025-26 चा हिशेब. मिहानमधल्या नोकरीचा वर्षाचा पगार 11,80,000. नवीन करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की उरतात 11,05,000. करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्याने कलम 87 ए ची सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून कंपनीने काहीही कापलेलं नाही. इथपर्यंत सगळं ठीक.

आता वरकमाई. शनिवार-रविवार एका कोचिंग क्लासमध्ये शिकवण्याचे महिना 8,000, म्हणजे 96,000. त्यावर क्लासने दहा टक्के, 9,600 टीडीएस कापला. घरी पाच मुलांची शिकवणी, प्रत्येकी 1,500, दहा महिने: 75,000, बहुतेक यूपीआयने. एफडीचं व्याज 42,000 आणि बचत खात्याचं 6,000. एकूण 2,19,000. अडीच लाखांच्या आत आलं म्हणून पठ्ठ्या निश्चिंत.

आयकरात प्रत्येक कमाईची वेगळी मर्यादा नसते. पगार, व्यवसाय, व्याज सगळं एका बेरजेत येतं आणि मर्यादा त्या बेरजेला लागते. अडीच लाख हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य करतो. जुन्या करप्रणालीत साठ वर्षांखालच्या माणसाची मूळ करमुक्त मर्यादा अडीच लाख आहे, पण ती एकूण उत्पन्नाची. शिवाय हिशेबाच्या वह्या ठेवण्याच्या कलम 44 एए मध्येही हा आकडा येतो: तिथे यादी दिलेल्या व्यवसायांत नसलेल्या माणसाचं धंद्याचं उत्पन्न अडीच लाखांवर किंवा उलाढाल 25 लाखांवर गेली की रीतसर हिशेबवह्या ठेवाव्या लागतात. "वह्या ठेवायची सक्ती नाही" याचं कुणीतरी "कर नाही" करून टाकलं असावं. नवीन कायद्याचं म्हणाल तर तो 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला. हे उत्पन्न त्याआधीचं आहे, त्याला 1961 चाच कायदा.

बेरीज केली. शिकवण्यासाठी झालेला खर्च व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा होतो. त्याच्याकडे पेट्रोलचे 11,000, पुस्तकं आणि झेरॉक्सचे 8,500 आणि मार्कर-कागद-छपाईचे 4,500 अशा 24,000 च्या पावत्या आणि यूपीआयच्या नोंदी निघाल्या. हा खर्च शिकवण्याच्या 1,71,000 मधून जातो, एफडीच्या व्याजातून नाही. म्हणजे वरची निव्वळ कमाई 1,95,000. पगाराचे 11,05,000 मिळवले की बरोबर 13,00,000.

आता 12 लाखांची सूट गेली. 4 ते 8 लाखांवर पाच टक्क्यांनी 20,000, 8 ते 12 लाखांवर दहा टक्क्यांनी 40,000, वरच्या एका लाखावर पंधरा टक्क्यांनी 15,000. झाले 75,000. चार टक्के उपकर धरून 78,000. त्यातून 9,600 वजा केले तरी 68,400 भरायचे निघाले. स्क्रीनवर 9,600 परत मिळणार म्हणून दाखवत होतं आणि खरे 68,400 द्यायचे होते. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामाजी, दोन लाखाच्या वरकमाईवर अठ्ठ्याहत्तर हजार? हे काहून?"

कारण 12 लाखांच्या रेषेजवळचा माणूस वरकमाईने ती रेषा ओलांडतो, तेव्हा फक्त वरच्या भागावर कर लागत नाही, खालची सूटही जाते. रेषेच्या अगदी जवळ असणाऱ्यांना थोडा दिलासा आहे: 12 लाखांवर जेवढं उत्पन्न गेलं त्यापेक्षा जास्त कर लागत नाही. त्याची शिकवणी 60,000 ने कमी असती, तर उत्पन्न 12,40,000 झालं असतं. स्लॅबने कर 66,000 येतो, पण द्यावे लागले असते 40,000 आणि उपकर. साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत हा दिलासा चालतो. या पट्ट्यात वाढीव कमाईचा रुपया सगळाच करात जातो, वर उपकर वेगळा, पण त्याच पट्ट्यात खर्चाच्या पावतीवरच्या प्रत्येक रुपयामागे पूर्ण रुपया वाचतोही. पेट्रोलच्या पावत्या फेकून देणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा.

टीडीएसचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. टीडीएस म्हणजे आगाऊ कापलेला हप्ता. खरा कर एकूण उत्पन्नावर ठरतो आणि हप्ता त्यातून वजा होतो. आणि ज्याचा टीडीएस कापला, ते उत्पन्न तर लपण्याचा प्रश्नच नाही! `incometax.gov.in` वर लॉगिन करून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस उघडायला लावलं. फाइलचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. त्यात क्लासचं नाव, 96,000 आणि 9,600 स्वच्छ छापलेले होते. एफडीवर टीडीएस नव्हता, कारण व्याज 50,000 च्या आत, तरी ते 42,000 बँकेने कळवलेले होतेच. बचत खात्याचे 6,000 सुद्धा. मेसेज लिहिणाऱ्याने हे एक पान उघडलं असतं तरी त्याला पुढचं लिहावंसं वाटलं नसतं.

आता त्याचा मसुदा बघा. त्याने आयटीआर-1 मध्ये फक्त पगार धरला होता आणि टीडीएसचे 9,600 पोर्टलने आपोआप भरले होते. म्हणजे उत्पन्न दाखवायचं नाही, पण त्यावरचा कापलेला कर परत मागायचा. टीडीएसचं श्रेय ज्या उत्पन्नावर तो कापला ते दाखवल्यावरच मिळतं. ही विसंगती तपासायला कुणा अधिकाऱ्याला बसावं लागत नाही, संगणक दोन आकडे शेजारी ठेवतो. पुढे चौकशी लागली तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या 50 टक्के दंड, आणि खोटं दाखवलं असं ठरलं तर 200 टक्के. शिवाय व्यवसायाचं उत्पन्न असल्यामुळे आयटीआर-1 हा फॉर्मच चुकीचा. त्याला आयटीआर-3 लागतो.

इथेच नोंदींची नेहमीची चूक सापडली. त्याच्या वहीत क्लासचे दरमहा 7,200 लिहिलेले, कारण खात्यात तेवढेच आले. दाखवायचे असतात 8,000. वर्षाचे 86,400 दाखवले तर एआयएसशी जुळत नाही आणि टीडीएस दोनदा वजा केल्यासारखं होतं. म्हणून वहीत रकाने हवेत: तारीख, कुणाकडून, कशाचे, एकूण रक्कम, कापलेला टीडीएस, हातात आलेले, कोणत्या खात्यात. दर तीन महिन्यांनी क्लासकडून टीडीएसचं प्रमाणपत्र मागायचं आणि पोर्टलवरच्या टीडीएसच्या नोंदीशी ताडून पाहायचं. माझंच उदाहरण सांगतो: फार पूर्वी मी एका क्लासमध्ये हिशेबशास्त्र शिकवायचो. त्यांनी कर कापला, पण माझ्या पॅनमध्ये एक अक्षर चुकवून भरला. मला ते वर्षभराने कळलं आणि दुरुस्त करून घेण्यात चार महिने गेले. तिमाहीत पाहिलं असतं तर एका फोनवर काम झालं असतं.

यूपीआयचं अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. पालकांनी पाठवलेले 1,500 एआयएसमध्ये एकेक करून दिसत नाहीत. पण दिसत नाही म्हणून ते उत्पन्न नाही, हे कुठल्या कलमात लिहिलंय? नोटीस आली की पहिल्यांदा बँक स्टेटमेंटच मागतात, आणि मग मित्राने परत केलेली उसनवारी कोणती आणि फी कोणती हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. त्यासाठी शिकवणीचं खातं वेगळं ठेवायला सांगितलं. दुसरं बचत खातं चालतं. उसनवारी, बर्डीवरची खरेदी, घरखर्च त्यात मिसळू द्यायचा नाही.

व्याजाच्या 10 हजारांची वजावट खरी आहे, पण फक्त बचत खात्याच्या व्याजाला आणि फक्त जुन्या करप्रणालीत. एफडीला ती कधीच नव्हती.

44 एडीए वाचून मात्र हसू आलं. अर्धीच कमाई उत्पन्न धरायची ही सोय नावं देऊन ठरवलेल्या व्यवसायांना आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावट करणारे आणि अधिसूचनेने जोडलेले आणखी काही. त्या यादीत शिकवणी नाही. "मी इंजिनिअर आहे ना" असं भाचा म्हणाला. बाबू, तू इंजिनिअर असशील, पण हे पैसे तुला दहावीचं गणित शिकवायचे मिळतात.

कर उशिरा भरल्याच्या व्याजाचा दणका वेगळाच. टीडीएस वजा करून 10,000 किंवा जास्त कर निघत असेल तर तो वर्षातच भरायचा असतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75, 15 मार्चपर्यंत पूर्ण. त्याने काहीच भरलं नव्हतं. हप्ते चुकल्याचे साधारण 3,450 आणि जुलैत भरला तर एप्रिलपासून महिना एक टक्क्याने आणखी 2,736. पुढच्या वर्षी हे टाळायचं तर कंपनीच्या पगार विभागाला इतर उत्पन्न लेखी कळवता येतं, मग ते दर महिन्याच्या पगारातूनच कर कापतात. त्याला ऑफिसात शिकवणीचं कळू द्यायचं नाहीये, म्हणून त्याने हप्ते स्वतः भरायचे ठरवलं.

संध्याकाळी त्याने जुना मसुदा काढून टाकला आणि एक एफडी मोडायला काढली. ग्रुपवर मेसेज टाकणारे त्याचे सासरे निघाले, त्यामुळे हे त्यांना मी सांगायचं की त्याने, यावर अजून एकमत झालेलं नाही.