वही तीच, खाडाखोड तीच, तरी एक काम लक्षात राहतं आणि दुसरं नाही

गणपतीच्या सुट्टीत खानापूरहून भाचा आलाय. आमच्या जुन्या पीसीवर स्कायरिम घेऊन बसलाय, २०११ चा गेम, म्हणजे त्याच्यापेक्षा थोडाच लहान. परवा रात्री मला म्हणतो, "मामा, ह्या चोरांच्या टोळीची कामं संपतच नाहीत की. दहा झाली, परत तसलंच काम देतोय." म्हटलं अरे ती संपणार पण नाहीत, ती कुणी लिहिलेलीच नाहीत. हे त्याला काय पटेना, म्हणून शेजारी बसून दाखवायला लागलो आणि आता इथं पण लिहितोय.

गेममधल्या रिफ्टन शहरात ही चोरांची टोळी आहे, थीव्ज गिल्ड, तिथं डेल्विन आणि वेक्स असे दोघं कामं वाटतात. डेल्विनचं एक काम म्हणजे कुठल्यातरी दुकानात गुपचूप शिरायचं आणि तिथली हिशोबाची वही बदलायची. शहर कुठलं, दुकान कुणाचं, हे गेम त्याच वेळी ठरवतो. ह्याला रेडियंट क्वेस्ट म्हणतात. लेखकानं लिहून ठेवलेला असतो फक्त साचा, आणि त्यात रिकाम्या जागा. आमच्या ओळखीतला एक प्रेसवाला लग्नपत्रिका छापतो तसंच, मजकूर तयार, नवरा-नवरी बदलायचे फक्त.

गेम बनवणाऱ्या बेथेस्डानं २०१२ मध्ये ह्या गेमचा एडिटर, क्रिएशन किट, फुकट दिला होता. त्यात क्वेस्ट उघडली की ह्या रिकाम्या जागा दिसतात, त्यांना अलियस म्हणतात, आणि प्रत्येकाला अटी लावलेल्या असतात, म्हणजे माणूस जिवंत पाहिजे, जागा अमुक प्रकारची पाहिजे असलं. अट पाळणारं जे सापडेल ते आत बसतं. एक जरी गरजेची जागा भरली नाही तर क्वेस्ट सुरूच होत नाही. खेळणाऱ्याच्या कामांची नोंद असते त्या जर्नलमधल्या मजकुरात पण असंच `<Alias=...>` लिहिलेलं असतं आणि तिथं नाव येऊन बसतं.

पण जर्नलमध्ये नाव बसवणं सोपं हो, तोंडातून काढणं अवघड! डायलॉग आधीच रेकॉर्ड झालेले असतात, नाव बोलायचं तर प्रत्येक नावाचं वेगळं रेकॉर्डिंग लागतं. म्हणून काम देणारा माणूस बऱ्याचदा गोल गोल बोलतो आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की ह्याला ह्या दुकानदाराशी काय घेणंदेणं नाही. आणि खरंच नसतं. वही बदलून आलास, पैसे घेतलेस, विषय संपला. दुकानदाराला पत्ता नाही, उद्या तो तसाच हसून सामान विकतो.

आता गंमत बघा. एका शहरात अशी पाच फुटकळ कामं झाली की डेल्विन त्या शहराचं एक खास काम देतो, आणि ते हातानं लिहिलेलं आहे. व्हाइटरनचं घ्या. तिथला बडा माणूस ऑलफ्रिड बॅटल-बॉर्न, त्याचा मित्र आर्न दारू पिऊन तुरुंगात पडलाय. साधी गोष्ट वाटते, पण ह्याच आर्नवर सॉलिट्यूडमध्ये खुनाचा आरोप आहे, आणि तुरुंगवाल्यांना तो नेमका कोण हे कळलं तर मेलाच. म्हणून तुम्ही जाऊन त्याची ओळख पटवणारं पत्र चोरायचं आणि कैद्यांच्या नोंदवहीत नाव बदलायचं. म्हणजे परत वहीच बदलायची! त्या आधीच्या कामात जे केलं तेच, कष्ट जवळपास तेवढेच, पण ह्यावेळी वहीतल्या एका ओळीवर माणसाचा जीव टांगलाय आणि ती ओळ कुणाची हे आपल्याला माहीत आहे.

आमच्या बेळगाव भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्या वडलांचं नाव उताऱ्यावर कन्नडमध्ये एका अक्षरानं चुकलं होतं, त्या एका अक्षरापायी कचेरीच्या किती फेऱ्या मारल्या, अजून आठवलं की चपला दिसतात. असो.

आणि अशी खास कामं केली की बदल पण दिसतो, गिल्डच्या त्या भकास खानावळीत एकेक नवा दुकानदार येऊन बसायला लागतो.

माझा राग रेडियंटवर नाहीच. पैसे कमवायला, नवीन गुहेकडं फिरवून आणायला बरं आहे ते. बेथेस्डाच्याच फॉलआउट ४ ह्या गेममध्ये प्रेस्टन दर वेळी अजून एका वस्तीला मदत पाहिजे म्हणतो त्याची लोकांनी एवढी थट्टा केली, पण तो पण साचाच बोलतोय बिचारा. राग ह्याचा आहे की चांगल्या लिहिलेल्या कामाच्या दारात हा साचा राखणदार म्हणून बसवलाय. व्हाइटरन, विंडहेल्म, मार्कार्थ, सॉलिट्यूड, चारही शहरं पाहिजेत तर पाच-पाच करून वीस कामं, आणि पुढचं काम कुठल्या शहराचं निघेल हे नशिबावर. नको ते शहर निघालं तर काम सोडून देता येतं, दंड काय होत नाही, म्हणून लोक घेतात, सोडतात, परत घेतात.

भाच्याची व्हाइटरनची चार झालीत. पाचव्यासाठी काल जेवण थंड होईपर्यंत डेल्विनसमोर उभा होता, घे, सोड, घे, सोड, आणि आतून आई ओरडतेय, "अरे त्या बाबाला एकदाच काय ते विचारून टाक की!"