‘खूप प्रेरणादायी, सर!’ लिहून कुणी कुणाला ओळखत नाही

आज संध्याकाळी भाचा घरी आला आणि चहा व्हायच्या आत मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, बघ ना, पंधरा दिवसांत एकशे दहा कमेंट केल्यात लिंक्डइनवर. एकाही मोठ्या माणसानं उत्तर दिलं नाही." मी वाचत गेले. खूप प्रेरणादायी सर. अगदी खरं बोललात सर. लीडरशिपचा उत्तम धडा सर, जोडून घ्यायला आवडेल. एका डायरेक्टरांनी त्यांच्या जुन्या ड्रायव्हरच्या निधनाबद्दल लिहिलं होतं, त्याखालीही यानं "ग्रेट इनसाइट सर" टाकलेलं!

माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर नाही, ज्या कुणी त्याला कोर्सचे पैसे घेऊन हे शिकवलं त्यांच्यावर. पोस्ट पडल्यापासून पहिल्या तासात कमेंट टाका, रोज दहा टाका, म्हणजे तुमचं नाव दिसत राहील, असं शिकवलंय. दिसून काय करायचं? दारावरून रोज दहा वेळा बेल वाजवून पळणारा मुलगाही दिसतोच की.

माझी गोष्ट इथल्या काही जणांना माहीत आहे. मी तेव्हा चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं, क्वालिटीला होते. तळेगावच्या एका प्लांट हेडनी पोस्ट लिहिली होती की त्यांच्याकडे प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला दीड तास लागायचा, तो त्यांनी ३५ मिनिटांवर आणला. पुढची डाय मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवायची, बोल्टऐवजी क्लॅम्प वापरायचे, वगैरे. खाली साठ-सत्तर जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी पोस्ट दोनदा वाचली, कारण तो ३५ चा आकडा मला खटकत होता. डाय बदलण्याचा वेळ जुन्या डायच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या डायच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत मोजायचा असतो. डाय बसली म्हणजे काम झालं असं नसतं, आमच्याकडे पहिला पीस सीएमएमवर, म्हणजे मापं मोजणाऱ्या मशीनवर, तपासला जायचा.

मी लिहिलं: "सर, ३५ मिनिटं डाय बसेपर्यंत की पहिला ओके पीस निघेपर्यंत? आमच्याकडे डाय ४० मिनिटांत बसते, पण पहिला पीस सीएमएमला नेऊन रिपोर्ट यायला आणखी अर्धा तास जातो, आणि प्रेस तोवर उभी असते. तुम्ही हे कसं सोडवलंत?" बस. कौतुक नाही, कनेक्ट करा नाही, कुणाला टॅग नाही. ग्राहकाचं नाव, पार्टचं नाव काहीही नाही, कारण ते बाहेर लिहिण्याचा मला अधिकारच नव्हता.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "बरोबर पकडलंत. ३५ डाय बसेपर्यंतचेच आहेत. पुढचं आमचंही सुटलेलं नाही. डाय कशी बसली यावर जी मापं बदलतात, तेवढीच मशीनपाशी तपासता येतील का बघा."

हे उत्तर मला का मिळालं, ते भाच्याला सांगता सांगता मलाही नीट कळलं. मी त्यांच्या पोस्टमधलं एकच वाक्य धरलं होतं. त्यावर माझ्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट ठेवली होती. आणि प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर चहा पिता पिता दोन ओळींत देता येईल. "लीडरशिपबद्दल आपलं मत काय" असं विचारलं असतं तर त्या माणसानं रविवार मोडून निबंध लिहायचा होता का?

आणि तिथं थांबून उपयोग नव्हता. लोक उत्तर मिळालं की स्क्रीनशॉट काढतात आणि मोकळे होतात, याचा मला फार राग येतो. मी दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग घेऊन बसले. २२ मापांपैकी पाचच डायच्या बसण्यावर अवलंबून होती. टूल रूमनं त्या पाचांसाठी साधं चेकिंग फिक्स्चर करून दिलं. पाच मापं ओके झाली की प्रेस सुरू, आणि सीएमएमचा पूर्ण रिपोर्ट येईपर्यंत निघालेला माल वेगळा, होल्डचा टॅग लावून. थांबण्याचा वेळ बारा मिनिटांवर आला. तीन आठवड्यांनी त्याच जुन्या पोस्टखाली, जिथं आता कुणीही फिरकत नव्हतं, मी हे लिहिलं. जे जमलं नाही तेही लिहिलं: पत्र्याची नवीन कॉईल लावली की स्प्रिंगबॅकमुळे, म्हणजे वाकवलेला पत्रा थोडा परत उलगडतो त्यामुळे, बेंडचा कोन सरकतो, तिथं फिक्स्चर पुरत नाही.

तो कोन न जमल्याचं लिहिलं म्हणूनच सरांनी परत विचारलं, "मग कॉईल बदलल्यावर काय करता?" आणि चार दिवसांनी कनेक्शनची रिक्वेस्ट त्यांच्याकडून आली. त्या बोलण्याला साक्षीला दुसरं कुणीही नव्हतं. एकही लाइक नाही.

हो, मान्य आहे, पहिल्या तासात कमेंट टाकून नोकरी मिळालेले लोकही असतील. आणि हो, सगळेच उत्तर देत नाहीत. मी आणखी तिघांच्या पोस्टवर असंच मन लावून लिहिलं होतं, दोघांकडून काहीही आलं नाही. त्यातल्या एकांच्या पोस्ट त्यांच्या ऑफिसातलं कुणीतरी लिहितं हे मला उशिरा कळलं. ते आधीच ओळखता येतं: जुन्या पोस्टखाली जाऊन बघायचं, सगळ्यांना सारखंच "धन्यवाद" दिसलं की समजायचं. ज्यांच्याखाली हजार कमेंट पडतात त्यांचाही नाद सोडायचा. जो माणूस स्वतः, उशिरानं, कधी शुद्धलेखनाच्या चुकांसकट उत्तर देतो, तो आपला.

त्या सरांकडे मी कधी नोकरी मागितली नाही. दोन वर्षांनी मला बाहेरून एक ऑफर आली, पगार बराच जास्त होता, तेव्हा मी त्यांना फोन केला. त्यांनी अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. तिथं क्वालिटी कुणाला रिपोर्ट करते, प्रॉडक्शनला की थेट प्लांट हेडला? मी विचारून घेतलं, प्रॉडक्शनला. मी गेले नाही. असा फोन करता येणारा माणूस मला त्या एका प्रश्नातून मिळाला होता.

हे सगळं भाच्याला सांगताना मी जरा जास्तच आवाज चढवला. तो हळूच म्हणाला, "मावशी, तुझ्याकडे सांगायला प्रेस शॉप होतं. मी तर वर्षभर कॉन्ट्रॅक्टवर फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर उभा आहे. माझ्याकडे काय आहे?" मला वाईट वाटलं. एकशे दहा वेळा "सर" लिहिणाऱ्या मुलामागे हे असतं, हे मला आधी दिसायला हवं होतं.

मग आम्ही एक पोस्ट शोधली. जुन्या ऑपरेटरांच्या हातातलं ज्ञान त्यांच्या रिटायरमेंटबरोबर जातं, असं एका ऑपरेशन्स हेडनी लिहिलंय. मी विचारलं, तुझ्या टेबलापाशी असं कुणी आहे का? म्हणाला, एक काका आहेत, ते पार्ट हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवतात आणि बर, म्हणजे कापलेल्या कडेची खरखर, वाढलाय, पंच धारेला काढा म्हणतात, गेज लावायच्या आधी. मी म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहिलं, आणि खाली विचारलं, की अंगठ्यानं कळणारी ही गोष्ट तुम्ही नव्या मुलाला शिकवताना लिहून देता, की त्याला काकांशेजारी उभं करता? किती दिवस?

सुरुवातीला "खूप प्रेरणादायी सर" होतं. ते त्यानं स्वतःच खोडलं.

साडेदहाला पोस्ट केलं. अजून उत्तर नाही. उद्या पहिल्या शिफ्टला गेला की काकांना विचारणार आहे म्हणे, अंगठा फिरवताना नक्की काय कळतं ते.